पाण्याचा हिशेब आणि रात्री नऊचा निरोप

एकदा मुतखडा होऊन गेलेल्या माणसाला ती कळ पुन्हा नको असते. ‘भरपूर पाणी प्या’ हा डॉक्टरांचा सल्ला तो पहिले काही दिवस मनापासून पाळतो, मग कामाच्या रगाड्यात बाटली भरलेली तशीच टेबलावर राहते. म्हणून हल्ली बरेच जण मोबाइलवर पाण्याची नोंद ठेवतात. पाणी प्यायलं की नोंद करायची आणि रात्री संदेश येतो : ‘आज ३००० पैकी २४०० मिलिलिटर, ८० टक्के पूर्ण.’

नोंद ठेवणं चांगलंच आहे, पण हा संदेश मुतखड्याच्या रुग्णाला अर्धीच गोष्ट सांगतो. पोटात किती पाणी गेलं हे त्यात कळतं, लघवी किती झाली हे कळत नाही. खडा पुन्हा होणार की नाही, हे बऱ्याच अंशी लघवीवर अवलंबून असतं.

बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. कॅल्शियम आणि ऑक्झलेट दोन्ही लघवीवाटे रोज बाहेर पडतात. लघवी पुरेशी असेल तर ते विरघळलेल्या अवस्थेतच निघून जातात. लघवी कमी आणि दाट झाली की त्यांचे कण धरू लागतात आणि कणांचा पुढे खडा होतो. पाण्याचा उपयोग किती होतो, याची चाचणी इटलीतल्या पार्मा इथल्या डॉक्टरांनी घेतली आणि तिचे निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध झाले. पहिल्यांदाच खडा झालेल्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला रोज किमान २ लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायला सांगितलं, दुसऱ्याला तसं काही सांगितलं नाही. पाच वर्षांत पहिल्या गटात १०० पैकी सुमारे १२ जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्यात २७ जणांना. आज मूत्ररोगतज्ज्ञ दिवसाला किमान अडीच लिटर लघवीचं उद्दिष्ट देतात.

मग त्यासाठी प्यायचं किती? हा आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो आणि तो घरीच काढता येतो. सुटीच्या दिवशी सकाळची पहिली लघवी नेहमीसारखी टाकून द्यायची. त्यानंतरची प्रत्येक लघवी, दुसऱ्या दिवशीची पहिली धरून, मापाच्या भांड्यात मोजून लिहायची. त्याच दिवशी प्यायलेलं सगळं पाणी, चहा, ताकही लिहायचं.

समजा, जळगावातल्या एका दुकानदाराने मे महिन्यात असं मोजलं. दिवसभरात ३००० मिलिलिटर प्यायले आणि लघवी झाली १९०० मिलिलिटर. बाकीचं मुख्यतः घामावाटे गेलं. अडीच लिटरला ६०० मिलिलिटर कमी पडले, म्हणून त्याचं उन्हाळ्यातलं उद्दिष्ट साधारण ३६०० मिलिलिटर झालं. हाच माणूस डिसेंबरात मोजेल तेव्हा कदाचित ३००० पुरेसे ठरतील. म्हणून ऋतू बदलला की मोजणी पुन्हा करायची. अ‍ॅपमध्ये आधीपासून घातलेला आकडा जळगावच्या उन्हाचा विचार करून ठरवलेला नसतो.

रोजच्या नोंदीत दोन चुका हमखास होतात. पहिली मापाची. घरातल्या स्टीलच्या पेल्यात कधी २०० मिलिलिटर मावतं, कधी ३००, आणि पेला आपण काठोकाठ भरत नाही. नेहमीचा पेला एकदा मापाने भरून बघितला की हा प्रश्न मिटतो. दुसरी चूक वेळेची. बाटली भरताना नोंद केली तर न प्यायलेलं पाणीही हिशेबात धरलं जातं. रात्री आठवून नोंद केली तर आकडा चुकू शकतो. बाटली रिकामी झाली की नोंद, हा नियम सोपा आहे. ताक जरूर मोजावं, पण ते बिनमिठाचं असावं, कारण जास्त मिठाने लघवीतून जाणारं कॅल्शियम वाढतं.

आता त्या दुकानदाराचा एक दिवस बघू. सकाळी उठल्यापासून दहापर्यंत ६०० मिलिलिटर, दहा ते दोन ४००, दोन ते सहा ५००, सहा ते नऊ १२००. बेरीज २७००, म्हणजे ७५ टक्के. नेहमीचा संदेश एवढंच सांगून थांबतो. खरी अडचण मात्र दहा ते सहा या आठ तासांत आहे. उन्हाची वेळ, गिऱ्हाइकांची गर्दी, घाम सर्वात जास्त आणि पाणी सर्वात कमी. त्या वेळात लघवी दाट होते, आणि संध्याकाळी ढसाढसा पाणी प्यायल्याने दुपारची लघवी पातळ होत नाही.

म्हणून त्याच्या उपयोगाचा निरोप असा हवा : ‘आज २७००, उद्दिष्ट ३६००. दहा ते सहा फक्त ९००. दुपारी लघवी गडद पिवळी. उद्या दुकान उघडताना एक लिटरची बाटली गल्ल्याजवळ, दोनच्या आत संपवायची.’ यात आजचा आकडा आहे, कुठे कमी पडलं ते आहे आणि उद्याचं एकच काम आहे. हा निरोप अ‍ॅपने पाठवला काय, वहीत स्वतः लिहिला काय किंवा मुलीने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला काय, काम तेच करतो. रंगाची नोंद घेताना एवढं ध्यानात ठेवावं, की बी जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी लघवी भडक पिवळी होते आणि बीटाने लालसर. मात्र बीट खाल्लेलं नसताना लाल दिसली तर डॉक्टरांना दाखवावं.

निरोप रात्री नऊच्या सुमारास यावा आणि त्याने उरलेलं पाणी त्याच रात्री प्यायला लावू नये. ९०० मिलिलिटर बाकी दिसले म्हणून झोपताना ते सगळे प्यायले, तर रात्रीतून दोन-तीनदा उठावं लागतं, झोपमोड होते आणि आठवड्याभरात माणूस नोंदीलाच कंटाळतो. रात्री लघवी मुळातच कमी आणि दाट होते, त्यामुळे झोपण्यापूर्वी एक पेला पाणी चांगलं. बाकीची तूट सोडून द्यायची, ती उद्याच्या दुपारी भरायची.

कमी वेळात खूप पाणी पिणं धोक्याचंही आहे. निरोगी मूत्रपिंडं तासाला साधारण ८०० ते १००० मिलिलिटर पाणी बाहेर टाकू शकतात. त्याहून वेगाने पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, पुढे माणूस गोंधळल्यासारखा वागू लागतो. असं वाटलं तर पाणी थांबवून लगेच दवाखाना गाठावा.

ज्यांचं हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर आहे त्यांनी वरचं गणित वापरू नये. त्यांना डॉक्टर पाण्याची कमाल मर्यादा घालून देतात. डायलिसिसवरच्या रुग्णाचाही रात्रीचा निरोप असू शकतो, पण त्यात अजून किती प्यायचं हे नसतं, मर्यादेतलं किती उरलं हे असतं. अशा घरात अ‍ॅपची ‘पाणी प्या’ ही आठवण बंदच करावी.

खडा झालेल्या माणसाने दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे जाताना हे निरोप सोबत न्यावेत. प्रयोगशाळेत २४ तासांच्या लघवीची तपासणी होते, त्यात लघवीचं प्रमाण, कॅल्शियम, ऑक्झलेट, सोडियम कळतं. लघवी अडीच लिटर भरत असूनही कॅल्शियम किंवा ऑक्झलेट जास्त निघालं, तर पाणी वाढवत बसण्यात अर्थ नाही. तिथून पुढचा उपाय आहारात किंवा औषधात शोधावा लागतो.