'जेवलीस का?' हे भुवया विचारतात; कर्णबधिरांची माया कागदावर का उतरत नाही

गोडादरा (सुरत) : नंदुरबार, धुळे, जळगावकडून सुरतेत कामाला आलेल्या कुटुंबांत माया दाखवायची रीत ठरलेली आहे. 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' असं कोणी कोणाला म्हणत नाही. गावाकडची आई फोनवर विचारते, 'जेवलास का?' आणि लगेच दुसरा प्रश्न येतो, 'घरी कधी येशील?' एवढ्यात सगळं आलं. आता समजा, मुलगा गोडादऱ्यात साडीच्या कामावर आहे, आई शहाद्याकडच्या गावात आहे आणि मुलगा जन्मापासून कर्णबधिर आहे. तर हेच दोन प्रश्न ती व्हिडिओ कॉलवर कसे विचारेल?

हाताने खुणा करून विचारेल, असं पटकन वाटतं. ते अर्धंच खरं आहे. भारतीय सांकेतिक भाषेत प्रश्न बहुतेक वेळा हात विचारत नाहीत, चेहरा विचारतो.

'जेवलीस का?' हा सोपा प्रश्न आधी घेऊ. मुलगा आईला विचारतोय. समोर बोट दाखवलं की 'तू', हात तोंडाकडे नेला की 'जेवण', आणि काम संपल्याची खूण, म्हणजे 'झालं'. या तीन खुणा साध्या चेहऱ्याने केल्या तर अर्थ होतो, 'तू जेवलीस.' म्हणजे नुसती माहिती. याच तीन खुणा, याच क्रमाने, भुवया वर उचलून, डोळे मोठे करून आणि मान किंचित पुढे झुकवून केल्या की अर्थ होतो, 'तू जेवलीस का?' हातांत काडीचाही फरक नाही. मराठीत जे काम 'का' हा शब्द करतो, किंवा बोलताना वर चढलेला आवाज करतो, ते इथे भुवया करतात.

आता हे लिहून काढा. 'तू – जेवण – झालं'. सांकेतिक भाषेचे अभ्यासक असंच लिहितात, एका खुणेला एक शब्द. पण हे वाचणाऱ्याला आईने सांगितलं की मुलाने विचारलं, काय कळणार? प्रश्नचिन्ह लावून हे वाक्य वाचवता येईल, हे खरं. पुढच्या वाक्यात तेही पुरत नाही.

'कधी' हा शब्दच गाळला जातो तेव्हा

दुसरा प्रश्न, 'घरी कधी येशील?' मराठीत कोण, कुठे, कधी, किती असे वेगवेगळे प्रश्नशब्द आहेत. भारतीय सांकेतिक भाषेत प्रश्नाची एकच सर्वसाधारण खूण आहे, आपण तिला 'काय' म्हणू. ती दुसऱ्या खुणेला जोडली की हवा तो प्रश्न तयार होतो. वेळ आणि काय म्हणजे कधी, जागा आणि काय म्हणजे कुठे, चेहरा आणि काय म्हणजे कोण, आकडा आणि काय म्हणजे किती. ही प्रश्नाची खूण वाक्याच्या शेवटी येते. त्यामुळे आईचा प्रश्न असा होतो : तू – घर – येणे – वेळ – काय.

इथेही चेहरा असतोच, पण आधीच्या प्रश्नासारखा नाही. भुवया वर जातात, मात्र मान पुढे न जाता मागे जाते आणि हनुवटी वर उचलली जाते. हो-नाहीचा प्रश्न असेल तर मान पुढे, माहिती मागणारा प्रश्न असेल तर मान मागे. अमेरिकन सांकेतिक भाषेत माहिती मागताना भुवया आक्रसून खाली घेतात. म्हणजे चेहऱ्याचं व्याकरण जगभर एकसारखं नाही. ते त्या त्या भाषेचं असतं आणि शिकावं लागतं.

खरी गंमत पुढे आहे. रोजच्या बोलण्यात 'काय'ची खूण गाळलीही जाते. मग हाताला उरतं : तू – घर – येणे – वेळ. प्रश्न पूर्णपणे मान आणि भुवयांवर उभा राहतो. कागदावर मात्र ही चार शब्दांची मोळी होते. 'तुझी घरी यायची वेळ झाली' असाही कोणी तिचा अर्थ लावेल. आईने विचारलेला 'कधी' कुठेच लिहिलेला नसतो, कारण तो हातात नव्हताच.

तिसरं एक वाक्य याच घरातलं. तू – येणे – मी – आनंद. पहिल्या दोन खुणांवर भुवया वर, मग क्षणभर थांबून चेहरा साधा, आणि पुढच्या दोन खुणा. अर्थ : 'तू आलास तर मला आनंद होईल.' भुवया उचलल्याच नाहीत तर अर्थ : 'तू येतो आहेस, मला आनंद आहे.' एकात नुसती वाट पाहणं आहे, दुसऱ्यात येणं पक्कं झालेलं आहे. गावाकडे बसलेल्या माणसासाठी या दोन वाक्यांत किती अंतर आहे, हे सुरतेला माणूस पाठवलेल्या कोणालाही सांगावं लागणार नाही.

भावना कोणती, व्याकरण कोणतं?

इथे एक रास्त शंका येते. आई मायेने बोलतेय, मग चेहऱ्यावर माया दिसणारच. त्यात व्याकरण वेगळं कसं ओळखायचं? ओळख वेळेवरून पटते. भावनेचा चेहरा हळूहळू येतो आणि हळूहळू ओसरतो, खुणा संपल्या तरी हसू ओठांवर रेंगाळतं. व्याकरणाच्या भुवया मात्र वाक्याच्या किंवा त्याच्या भागाच्या सुरुवातीला चढतात आणि तो भाग संपताच उतरतात. वरच्या 'आलास तर' या वाक्यात त्या बरोबर 'येणे'पाशी उतरतात, ना आधी, ना नंतर.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू शकतात. ओठांवर हसू आणि भुवयांत प्रश्न. रागावलेली आईही 'जेवलास का' विचारतेच, आणि तो राग आहे की लाड, हे प्रश्नाच्या वरून वेगळं दिसतं. कागदाची अडचण नेमकी हीच. लिहिलेली ओळ एकामागून एक चालते. सांकेतिक भाषेत हात एक सांगत असतात, भुवया त्याच वेळी त्यावर प्रश्न पसरत असतात आणि ओठ तिसरंच काही बोलत असतात.

लिहायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. अभ्यासक शब्दांच्या डोक्यावर आडवी रेघ ओढतात. भुवया जिथून जिथपर्यंत वर आहेत तिथपर्यंत रेघ, आणि तिच्या टोकाला प्रश्न की नकार याची खूण. व्हॅलेरी सटन यांनी १९७४ मध्ये सांकेतिक भाषेसाठी चित्रलिपीच तयार केली. त्या आधी नृत्याच्या हालचाली लिहून ठेवायची पद्धत त्यांनी बसवली होती. या लिपीत गोल चेहरा काढून त्यात भुवया, डोळे, तोंड दाखवता येतं. म्हणजे चेहरा लिहिता येतच नाही असं म्हणणं चूक ठरेल. पण ही लिपी शिकावी लागते, आणि गोडादऱ्याहून शहाद्याला निरोप पाठवायला ती कोण वापरणार? व्हिडिओ कॉल हाताशी असताना तर नाहीच.

भारतीय सांकेतिक भाषेच्या या व्याकरणाची पद्धतशीर मांडणी फार जुनी नाही. जर्मन भाषातज्ज्ञ उलरिके झेशन यांचं भारत-पाकिस्तानातल्या सांकेतिक भाषेवरचं पुस्तक २००० मध्ये आलं. केंद्र सरकारचं भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र दिल्लीत २०१५ मध्ये सुरू झालं. त्यांच्या शब्दकोशात २०१८ ला ३ हजार, २०१९ ला ६ हजार आणि २०२१ ला १० हजार शब्द झाले. हा कोश व्हिडिओचा आहे, आणि ते योग्यच आहे. पण शब्दकोश शेवटी शब्द दाखवतो. 'येणे' आणि 'वेळ' या खुणा त्यात सापडतील. त्यांच्यावर आईची हनुवटी कधी उचलायची, हे वाक्यातच शिकावं लागतं.

तीन बोटांचं 'आय लव्ह यू'

प्रेमाची खूण म्हटली की बहुतेकांना मोबाइलमधला हात आठवतो. अंगठा, तर्जनी आणि करंगळी उघडी, मधली दोन बोटं मिटलेली. 🤟 हे चिन्ह २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आलं. ही खूण अमेरिकन आहे. तिथली बोटांची बाराखडी एका हाताची असते, आणि त्यातली आय, एल आणि वाय ही तीन अक्षरं एकाच हातावर रचून ती बनली. भारतात इंग्रजी अक्षरं दोन हातांनी दाखवतात. आपल्याकडे 'आय' म्हणजे एका हाताच्या तर्जनीने दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकाला शिवणं. त्यामुळे त्या तीन बोटांत भारतीय अक्षर एकही नाही. तरुण कर्णबधिर ती निरोप घेताना सर्रास करतात, फोटोतही करतात. पण ती पाहुणी खूण आहे, वाक्य नाही. तिच्यात 'जेवलीस का' मावत नाही.

घरात नेमकं कुठे चुकतं

ऐकू येणारे घरचे लोक खुणा पाठ करतात, चेहरा मात्र कोरा ठेवतात. लूमच्या खडखडाटात ऐकू येणारे कारागीरही हातवाऱ्यांवर काम भागवतात, त्यामुळे 'आम्हाला येतं' असा समज असतो. पण 'धागा तुटला', 'मशीन बंद कर' याला व्याकरण लागत नाही. आई कोऱ्या चेहऱ्याने 'तू – जेवण – झालं' करते, तेव्हा मुलाला ते विधान वाटतं. तो मान हलवून गप्प बसतो. आईला वाटतं, पोरगा तुटक बोलतो. चूक ओळखायची कसोटी सोपी आहे : तुम्ही प्रश्न विचारला आणि समोरचा उत्तर न देता पुढच्या खुणेची वाट पाहत राहिला, तर प्रश्न पोचलेला नाही.

कॉलवर तर अडथळे आणखी. डोक्यावरचा पदर कपाळावर पुढे ओढलेला असेल तर भुवयाच दिसत नाहीत. खिडकीकडे पाठ करून बसलं की चेहरा काळा पडतो, हात तेवढे दिसतात. फोन हातात धरला तर एकच हात उरतो, आणि चित्रात कधी हात असतात तर कधी चेहरा. नेटवर्क अडखळलं की चित्र गोठतं आणि भुवयांची क्षणभराची चढ-उतार नेमकी त्यातच हरवते. त्यासाठी फोन डब्याला किंवा भिंतीला टेकवून ठेवावा, उजेड समोरून यावा, आणि कपाळापासून कमरेपर्यंतचा भाग चित्रात राहील इतकं मागे बसावं. चित्र अडकलं तर खुणा जोरजोरात करून उपयोग नसतो, सगळं वाक्य चेहऱ्यासकट पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.