अक्षर काढायचं, पण कधी?

प्रोग्रामिंगच्या सरावासाठी अनेकजण वापरतात त्या ‘लीटकोड’वर एक कोडं दोनदा आहे, 316 आणि 1081 या क्रमांकांनी. अक्षरांची एक ओळ दिलेली असते. तिच्यातलं प्रत्येक अक्षर एकदाच ठेवायचं, बाकीची खोडायची. जागा बदलायच्या नाहीत. उरेल तो शब्द शब्दकोशात शक्य तितका आधी यायला हवा.

समजा ओळ आहे : घ ख ग क ख घ क ग. प्रत्येकाचं पहिलं दर्शन ठेवलं तर ‘घखगक’ उरतं, शेवटचं ठेवलं तर ‘खघकग’. दोन्ही चूक.

आधी ओळ एकदा पाहून प्रत्येक अक्षर शेवटचं कुठे दिसतं ते टिपून ठेवू : ख पाचव्या, घ सहाव्या, क सातव्या, ग आठव्या जागी. मग ताटल्यांसारखी चळत रचायची (संगणकवाले तिला स्टॅक म्हणतात). ठेवणं-काढणं फक्त वरून.

घ ठेवला. ख आला, तो लहान. घ पुढे सहाव्या जागी पुन्हा भेटणार आहे, म्हणून त्याला खुशाल काढून ख ठेवला. त्यावर ग. चौथ्या जागी क आला. ग आणि ख दोघेही पुढे आहेतच, दोघांना उतरवलं. चळतीत एकटा क. मग ख आणि घ त्यावर बसले. सातवा क चळतीत आधीच आहे, सोडून दिला. शेवटी ग आला. तो घपेक्षा लहान खरा, पण घची शेवटची जागा मागे पडली; आता काढला तर कायमचा गेला. म्हणून घ तसाच, ग त्याच्या वर. उत्तर ‘कखघग’.

उतरवताना धास्ती नसते, कारण शब्दकोशात निकाल डावीकडच्या पहिल्या वेगळ्या अक्षरावर लागतो. मोठं अक्षर मागून मिळणार असेल, तर त्याच्या जागी लहान आणण्यात फायदाच.

माझी स्वतःची फजिती झाली ती ‘आधीच आहे का’ या तपासणीत. ती मी उतरवण्याच्या नंतर केली होती. ‘क ख क ग ख’ घ्या. दुसरा क आला, त्याने ‘ख पुढे आहेच’ म्हणून ख उतरवला, आणि स्वतः मात्र आत होताच, म्हणून बसला नाही. मग ग येऊन बसला. शेवटच्या खला गला हलवता येईना, कारण ग संपला होता. उत्तर आलं ‘कगख’. हवं होतं ‘कखग’. बऱ्याच ओळींवर ही चूक लपून राहते, म्हणून सापडायला वेळ लागतो.

ओळ लाखभर अक्षरांची असली तरी काम फार वाढत नाही. प्रत्येक जागेवरचं अक्षर फार तर एकदा चढतं आणि एकदा उतरतं.

तुमचा प्रोग्राम तपासायचा असेल, तर ही पाच अक्षरं आधी घालून पाहा.