आडवी चढाई, उभी चौकट

आडव्या व्हिडिओची चौकट सोळाला नऊ या प्रमाणात असते, तर रील किंवा शॉर्ट्ससाठी लागणारी उभी चौकट नऊला सोळा. पूर्ण एचडी व्हिडिओ १९२० पिक्सेल रुंद आणि १०८० पिक्सेल उंच असतो. त्याची उंची पूर्ण ठेवून त्यातून उभा तुकडा काढला, तर त्या तुकड्याची रुंदी जेमतेम ६०८ पिक्सेल भरते. मूळ दृश्याचा एक तृतीयांशाहूनही कमी भाग हाती राहतो आणि बाकीचा बाहेर जातो. पूर्वी सिनेमास्कोप चित्रपट दूरचित्रवाणीच्या चौकोनी पडद्यावर दाखवताना अशीच कापाकापी होई. तिथे निदान निम्म्याहून थोडे अधिक चित्र वाचत असे, तरीही दिग्दर्शक चिडत. उभ्या व्हिडिओचा सौदा त्याहून बराच महाग आहे.

त्यामुळे कापणाऱ्याला पहिला निर्णय घ्यावा लागतो तो या दृश्याचा विषय नेमका कोणता, हा. बोलणाऱ्या माणसाचा चेहरा असेल तर उत्तर सोपे असते. पण कबड्डीची एक चढाई घेतली की अडचण लगेच लक्षात येते.

पुरुषांचे कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. तालुक्याच्या स्पर्धेत कॅमेरा सहसा लांब बाजूला, मध्यरेषेच्या समोर तिवईवर उभा असतो आणि त्याच्या चौकटीत दोन्ही अंगणे मावतात. समजा, चौकटीच्या रुंदीत साधारण १५ मीटर जागा दिसते. म्हणजे एक मीटर सुमारे १२८ पिक्सेलचा, आणि ६०८ पिक्सेलच्या उभ्या खिडकीत पावणेपाच मीटर मावतात. मध्यरेषेपासून निदानरेषा पावणेचार मीटरवर आणि बोनस रेषा तिच्यापुढे एक मीटरवर असते. खिडकीची डावी कड मध्यरेषेवर ठेवली, तर उजवी कड नेमकी बोनस रेषेवर येते. त्यापलीकडे अंतिम रेषेपर्यंतचे पावणेदोन मीटर आणि तिथे दबा धरून बसलेले कोपरारक्षक खिडकीबाहेर राहतात. बचाव करणाऱ्या संघाचे अख्खे अंगण उभ्या खिडकीत एका वेळी मावूच शकत नाही.

मग खिडकी हलवणे आले. संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये १०८० बाय १९२० ची उभी टाइमलाइन उघडून त्यात मूळ व्हिडिओ टाकतात. तो आधी मधोमध एका आडव्या पट्टीसारखा दिसतो. त्याचा आकार १७८ टक्के केला की उंची भरते, आणि मग चित्र डावी-उजवीकडे सरकवून हवा तो भाग समोर आणता येतो. कोणत्या क्षणी चित्र कुठे असावे याच्या खुणांना की-फ्रेम म्हणतात. दोन की-फ्रेमच्या मधली सरक सॉफ्टवेअर स्वतः भरते.

आता ती चढाई. चढाईपटू डावीकडून उजवीकडे जातो आहे. मूळ चित्रात मध्यरेषा ९६० व्या पिक्सेलवर, निदानरेषा १४४० वर, बोनस रेषा १५६८ वर आणि अंतिम रेषा १७९२ वर आहे. पहिले सहा सेकंद तो निदानरेषेच्या अलीकडे अंदाज घेत फिरतो. या वेळी खिडकीची डावी कड ८८० वर ठेवली की मध्यरेषाही दिसते आणि निदानरेषाही. त्याला खिडकीच्या मधोमध ठेवण्याचा मोह टाळावा लागतो. तो डावीकडच्या तिसऱ्या भागात आणि त्याच्यासमोर रिकामी जागा, अशी मांडणी हवी, कारण धोका समोरून येणार आहे आणि प्रेक्षकाची नजरही तिकडेच जाते. या सहा सेकंदांत तो दोन पावले मागे-पुढे झाला तरी खिडकी हलवायची नाही. माणसाच्या प्रत्येक हालचालीसरशी सरकणारी खिडकी पाहणाऱ्याला बोटीत बसवते. नवशिक्याच्या कामात सर्वांत जास्त दिसणारा दोष हाच.

सहाव्या सेकंदाला तो कोपऱ्याकडे झेपावतो. आता दोन सेकंदांत खिडकीची डावी कड ८८० वरून ११८४ वर न्यायची, म्हणजे उजवी कड अंतिम रेषेला टेकते आणि कोपरारक्षक आत येतो. ही सरक सुरुवातीला आणि शेवटी मंद असावी. सॉफ्टवेअरमध्ये की-फ्रेमला ‘ईज’ हा पर्याय लावला की ते होते. तो न लावल्यास खिडकी धक्का मारल्यासारखी निघते आणि धडकल्यासारखी थांबते. या सरकीत मध्यरेषा बाहेर गेली, पण ते चालते. काही क्षण विषय तिथे नाहीच.

चौदाव्या सेकंदाला चढाईपटू वळतो आणि चित्राचा विषयच बदलतो. निदानरेषेच्या आसपास त्याचा घोटा पकडला जातो, तो अंग लांबवून मध्यरेषेकडे झेप घेतो. आता विषय त्याचा चेहरा नाही, त्याचे शरीरही नाही. त्याचे बोट आणि ती पांढरी रेषा यांच्यातले अंतर हा विषय आहे. रेषा खिडकीबाहेर राहिली, तर तो सुटला की बाद झाला हे प्रेक्षकाला कळणारच नाही, मग त्याचा चेहरा कितीही स्पष्ट दिसो. म्हणून खिडकीची डावी कड ८५० वर आली पाहिजे. तेव्हा रेषा, हात आणि घोटा धरणारा, तिघेही आत राहतात. इथे संपादकाकडे मैदानावरच्या कॅमेरामनला न मिळालेली एक सोय असते, ती म्हणजे पुढे काय होणार हे त्याला ठाऊक असते. त्यामुळे वळण होण्याच्या पाच-सहा फ्रेम आधीच खिडकी परत निघू शकते, आणि सव्वा सेकंदात पोचूनही ती ओढून आणल्यासारखी वाटत नाही.

हेच काम आपोआप करणाऱ्या सोयी आता बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आहेत. प्रीमिअर प्रोमध्ये Auto Reframe, फायनल कटमध्ये Smart Conform, दा विंची रिझॉल्व्हच्या विकत घ्याव्या लागणाऱ्या स्टुडिओ आवृत्तीत Smart Reframe. एकटा माणूस बोलत किंवा चालत असेल, तर त्या झटपट आणि चांगले काम करतात. पण त्या मुख्यतः माणूस, चेहरा आणि हालचाल ओळखतात, खेळाचे नियम ओळखत नाहीत. सात बचावपटू साखळी करून हलत असतील तर सोय मधेच दुसऱ्याच खेळाडूच्या मागे लागते, आणि मध्यरेषा तर तिच्या खिजगणतीतही नसते. अशा वेळी तिने लावलेल्या की-फ्रेम कच्चा आराखडा म्हणून वापरून निर्णायक क्षण हाताने दुरुस्त करणे शहाणपणाचे.

मूळ व्हिडिओत अनेक शॉट जोडलेले असतील, तर आणखी एक खोड निघते. एका शॉटसाठी लावलेली सरक पुढच्या शॉटमध्ये ओघळते आणि नवे दृश्य आले तरी खिडकी आधीच्या जागेवरून सरकत राहते. एका फ्रेमपुरती चुकलेली जागाही डोळ्याला झटका देते. उपाय साधा आहे. आधी प्रत्येक कटवर व्हिडिओचे तुकडे करायचे, मग प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र जागा द्यायची. कॅमेराच खेळाडूसोबत फिरत असेल, तर खिडकी बहुधा हलवावीच लागत नाही. दोन्ही एकदम हलले की मागचे प्रेक्षक पोहताना दिसतात.

या सगळ्यात चित्राच्या स्पष्टतेची किंमत मोजावी लागते. १७८ टक्के मोठे करणे म्हणजे मूळच्या एका पिक्सेलला तीनहून अधिक पिक्सेलची जागा भरायला लावणे. जर्सीवरचे क्रमांक आणि चेहऱ्याच्या कडा मऊ पडतात. चित्रीकरण फोर-के मध्ये, म्हणजे ३८४० बाय २१६० ने झाले असेल, तर उभी खिडकी १२१५ पिक्सेल रुंद मिळते आणि चित्र मोठे करण्याऐवजी थोडे लहानच करावे लागते. त्यामुळे ‘उभेही लागेल’ असे आधीच माहीत असेल, तर फोर-के ला पर्याय नाही. आणि कापाकापी कॅमेऱ्यातल्या मूळ फाइलवरच करावी, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या प्रतीवर नाही. त्या प्रतीत आधीच दाबून टाकलेले तपशील मोठे केल्यावर चौकोनी ठिपके होऊन वर येतात.

कधी कधी विषय खिडकीत मावतच नाही. साखळी करून उभा असलेला पूर्ण बचाव दाखवायचाच असेल, तर साडेसहा मीटर, म्हणजे ८३२ पिक्सेल रुंदी हवी. तेवढी रुंदी घेऊन चित्र १३० टक्के केले, तर ते पडद्याची १०८० रुंदी भरते, उंची मात्र सुमारे १४०० च होते आणि ५२० पिक्सेल उरतात. ती जागा त्याच चित्राच्या अंधूक प्रतीने भरण्याची पद्धत सर्रास दिसते, पण ती निव्वळ भरती आहे. त्यापेक्षा वर सपाट पट्टा ठेवून त्यात गुणफलक बसवावा. मूळ चित्राच्या कोपऱ्यातला गुणफलक एरवी अर्धा कापला जातो आणि संघाच्या नावातली शेवटची दोनच अक्षरे उरतात. तो वेगळा कापून वर ठेवला की दोन्ही प्रश्न सुटतात.

समोरासमोर बसलेल्या दोघांच्या मुलाखतीत तर खिडकी इकडून तिकडे पळवण्यापेक्षा पडदा वर-खाली विभागणे बरे. प्रत्येकाला १०८० बाय ९६० ची जागा मिळते. मूळ चित्राच्या एकेका अर्ध्या भागातून ती भरायला चित्र फक्त ११३ टक्के करावे लागते, शिवाय ऐकणाऱ्याचा चेहराही दिसत राहतो.

विषय पिक्सेलांच्या हिशेबात आत असला, तरी मोबाइलवर झाकला जाऊ शकतो. पडद्याच्या खालच्या भागावर खात्याचे नाव आणि मजकूर येतो, उजव्या कडेला बटणांची रांग असते. झेप घेणाऱ्याचा हात जमिनीलगत, म्हणजे नेमका खाली असतो. म्हणून खालचा साधारण पाचवा हिस्सा धोक्याचा मानून चित्र थोडे वर घेतात. चित्राने उंची पूर्ण भरलेली असताना मात्र वर घ्यायला जागाच नसते, खाली काळी पट्टी उघडी पडते. तिथे पट्ट्याची मांडणीच कामी येते, किंवा मग चित्रीकरण करतानाच मैदानाखाली थोडी जास्त जमीन ठेवलेली असावी लागते.

तयार व्हिडिओ मोबाइलवरच, आवाज बंद करून, मूळ सामना न पाहिलेल्या माणसाला दाखवावा आणि खेळाडू सुटला की पकडला गेला, एवढेच विचारावे. त्याने व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा पाहिला, तर बहुतेक वेळा परतीची की-फ्रेम उशिरा लागलेली असते.