चोवीस, बारा, चार, एक

क, ख, ग, घ ही चार अक्षरे 24 प्रकारे मांडता येतात. एका मांडणीतून दुसरीत नेणाऱ्या या 24 फेरबदलांच्या गटाला गणितज्ञ S₄ म्हणतात. तो ‘सॉल्व्हेबल’ आहे हे दाखवायला एकच कृती पुन्हा पुन्हा करायची असते.

कोणतेही दोन फेरबदल घ्या. पहिला करा, दुसरा करा, मग पहिला उलटवा आणि शेवटी दुसरा उलटवा. क्रमाने काही फरक पडत नसेल, तर सारे जागच्या जागी येते. पडत असेल, तर जे शिल्लक उरते तो त्या जोडीचा कम्युटेटर. अशी सगळी शिल्लक आणि तिच्या जोडण्यांतून होणारे फेरबदल मिळून पुढचा, लहान गट बनतो. त्यावर पुन्हा हीच कृती करायची. असे करत शेवटी ‘काहीच न हलवणे’ एवढेच उरले, तर गट सॉल्व्हेबल.

फेरबदल उलटवायला तितक्याच अदलाबदली लागतात, म्हणून कम्युटेटरमध्ये एकूण अदलाबदली नेहमी समसंख्येने होतात. असे सम फेरबदल 12 आहेत: तीन अक्षरे गोल फिरवणारी 8 चक्रे, दोन जोड्या एकाच वेळी बदलणारे 3 आणि स्थिर फेरबदल. क-ख आणि क-ग या अदलाबदलींचा कम्युटेटर काढला की तीन अक्षरांचे चक्र मिळते. अक्षरे बदलून आठही चक्रे मिळतात, आणि चक्रांच्या जोडणीतून दुहेरी अदलाबदलीही. म्हणून 24 वरून आपण नेमके 12 वर येतो.

पुढची पायरी मला सर्वांत सुंदर वाटते. चार अक्षरांच्या दोन-दोन जोड्या तीनच प्रकारे लावता येतात, कारण घ चा जोडीदार ठरला की सगळे ठरते. क→ख→ग→क हे चक्र या तीन प्रकारांनाही गोल फिरवते, आणि बाकीची चक्रेही तेच करतात. दुहेरी अदलाबदल मात्र तिन्ही प्रकार जागच्या जागी ठेवते. तीन वस्तू नुसत्या गोल फिरवण्यात क्रमाला महत्त्व नसते. त्यामुळे या 12 मधला कोणताही कम्युटेटर तिन्ही प्रकार जसेच्या तसे ठेवतो, आणि तसे फेरबदल चारच आहेत. ते खरोखर मिळतातही: क→ख→ग→क आणि क→ख→घ→क यांचा कम्युटेटर म्हणजे क-ख आणि ग-घ यांची दुहेरी अदलाबदल. उरलेल्या दोन अशाच मिळतात. हे चार फेरबदल कोणत्याही क्रमाने केले तरी उत्तर एकच येते, म्हणून पुढे उरतो 1.

हेच तीन प्रकार चतुर्घाती समीकरणातही भेटतात. फेरारीची रीत कार्दानोने 1545 मध्ये प्रसिद्ध केली. तीत वाटेत एक घन समीकरण सोडवावे लागते. तीन प्रकारांना त्याची तीन उत्तरे.

पाचवे अक्षर च आले की ही उतरण थांबते. क→ख→ग→क आणि ग→घ→च→ग यांचा कम्युटेटर ख→ग→च→ख हे चक्रच निघते. तीन अक्षरांची सगळी चक्रे अशीच परत मिळतात, म्हणून 120 वरून 60 वर आल्यावर पुढच्या प्रत्येक वेळी 60 च उरतात.