पडद्यापलीकडचा श्रोता

‘लिंक मिळेल का?’ हा प्रश्न व्याख्यानमालांच्या आयोजकांना आता सवयीचा झाला आहे. विचारणारी माणसं खरी रसिक असतात. कुणाला गुडघ्यांमुळे जिने चढवत नाहीत, कुणी नोकरीसाठी परदेशात आहे. पुण्यात संध्याकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा उन्हाळ्यात लंडनमध्ये दुपारचे दोन आणि न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजलेले असतात, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी वेळही जमते. मग मागच्या रांगेत ट्रायपॉडवर मोबाइल लावला जातो, झूम सुरू होतं आणि वक्ता आपलं नेहमीचं भाषण करतो. थोड्याच वेळात लिंकवरची माणसं एकेक करून गळायला लागतात. समोरचा श्रोता कंटाळला तर चुळबुळतो, घड्याळ बघतो, आणि वक्ता सावध होतो. घरी बसलेला श्रोता मात्र काही न बोलता निघून जातो. त्यामुळे भाषण कुठे निसटलं हे वक्त्याला कळतच नाही.

नवा कॅमेरा आणून हे सुटत नाही. भाषणाचीच मांडणी बदलावी लागते. एक उदाहरण घेऊ. महाराष्ट्रातल्या बारवांवरचं सचित्र व्याख्यान आहे. भाषण पन्नास मिनिटांचं, शेवटी पंधरा मिनिटं प्रश्नोत्तरं. सुरुवातीला वक्त्या विचारतात, ‘विहिरीचं पाणी किती जणांनी प्यायलंय? हात वर करा.’ मग सत्तर स्लाइड्स, भिंतीवर फिरणारा लेझरचा लाल ठिपका, चुनखडीच्या गिलाव्याचा एक तुकडा हातोहात फिरवायला, आणि मोटेवरच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण. सभागृहात हे सगळं रंगतं. लिंकवर यातलं जवळजवळ काहीच पोचत नाही.

सगळ्यात आधी आवाज पाहायचा, कारण चित्र धूसर असलं तरी माणूस थांबतो, पण शब्द कळेनासे झाले की थांबत नाही. मागच्या रांगेतला मोबाइल वक्त्याचा आवाज ऐकतच नाही. तो स्पीकरमधून आलेला, भिंतींवर आपटलेला आवाज ऐकतो, वर पंख्याची घरघर आणि शेजारचा खोकला. म्हणून सभागृहाच्या मिक्सरमधून वायर काढून, साध्या यूएसबी साउंड कार्डामार्फत, माइकचा आवाज थेट लॅपटॉपला द्यावा. इथे एक खाच आहे. लंडनहून कुणी प्रश्न विचारला की तो आवाज लॅपटॉपमधून मिक्सरकडे येतो आणि सभागृहात ऐकू जातो. तोच आवाज मिक्सरने परत लॅपटॉपला दिला, तर विचारणाऱ्याला आपलंच बोलणं क्षणभराने पुन्हा ऐकू येतं आणि तो अडखळून गप्प होतो. तेव्हा मिक्सरवाल्याला स्पष्ट सांगायचं: लॅपटॉपकडे जाणाऱ्या वायरीत फक्त सभागृहातले माइक हवेत, लॅपटॉपचा स्वतःचा आवाज नको. बहुतेक मिक्सरवर यासाठी ‘ऑक्स’ नावाची वेगळी वाट असते. हे जमलं की नाही हे ओळखायला आदल्या दिवशी एकाने घरून जोडलं जावं आणि मिनिटभर सलग बोलावं. स्वतःचा प्रतिध्वनी त्याला ऐकू आला नाही, म्हणजे काम झालं. सभागृहातल्या कुणी कुतूहलापोटी आपल्या मोबाइलवर तीच मीटिंग आवाजासकट उघडली तर कर्कश शिट्टी सुरू होते. ती सूचना आरंभीच द्यावी.

आता चित्रं. पडद्याचं चित्रीकरण करू नये; स्लाइड्स थेट मीटिंगमध्ये शेअर कराव्यात. मात्र त्यामुळे लेझरचा ठिपका निरुपयोगी होतो. तो भिंतीवर पडतो, लॅपटॉपच्या पडद्यावर नाही. साताऱ्याजवळच्या लिंबची बारा मोटेची विहीर दाखवताना वक्त्या म्हणतात, ‘ही कमान बघा, आणि इथून हा जिना उतरतो’, तेव्हा सभागृहातल्या माना योग्य जागी वळतात आणि लिंकवरचे श्रोते अख्ख्या छायाचित्रात ‘ही’ आणि ‘इथून’ शोधत राहतात. पॉवरपॉइंटमध्ये सादरीकरण चालू असताना `Ctrl` आणि `L` दाबलं की माउसचाच लाल ठिपका होतो. तो दोन्हीकडे दिसतो. त्याहून चांगली सवय म्हणजे जागा शब्दांत सांगणं: ‘छायाचित्राच्या उजव्या कोपऱ्यात, पाण्याच्या वर जी कमान आहे...’ याचा फायदा सभागृहात खांबाआड बसलेल्यांनाही होतो. स्लाइडवरची अक्षरं तपासायची तर ती स्लाइड आपल्याच मोबाइलवर हातभर अंतरावरून वाचून पाहावी, कारण अनेक जण तशीच पाहणार आहेत. मोटेचं गाणं लावताना झूममधल्या `Share sound` या चौकोनात खूण लागते. ती राहिली की सभागृह गाण्यात रमतं आणि पलीकडे शांतता असते.

हात वर करायला सांगायचं तर घरच्यांनी चॅटमध्ये ‘हो’ लिहावं, आणि तिथला आकडा वक्त्यांनी मोठ्याने सांगावा. गिलाव्याचा तुकडा फिरवू नये असं मी म्हणणार नाही. समोर आलेल्या माणसाला त्याचा स्पर्श मिळालाच पाहिजे. फक्त त्याचं जवळून काढलेलं छायाचित्र, शेजारी मोजपट्टी ठेवून, त्याच वेळी पडद्यावर असावं.

सगळ्यात मोठा बदल प्रश्नांच्या जागेत आहे. पन्नास मिनिटं एकटक ऐकण्याचं बळ सभागृह देतं: आजूबाजूची माणसं असतात, अंधार असतो, उठून जाण्याचा संकोच असतो. घरी यातलं काही नसतं, आणि दाराची घंटा असते. म्हणून तेच भाषण साधारण तेरा मिनिटांच्या तीन भागांत मोडावं: बारव का बांधली, कशी बांधली, आज तिची अवस्था काय. प्रत्येक भागानंतर सात मिनिटं प्रश्न. याचा अर्थ बोलण्याचा वेळ पन्नासवरून चाळीसच्या आत येतो. सत्तर स्लाइड्सपैकी तीसेक काढाव्या लागतात. वक्त्यांना हे जिवावर येतं, पण उरलेल्या चित्रांपाशी थांबायला उसंत मिळते.

प्रश्नांना ‘कुणाला काही विचारायचंय?’ अशी सुरुवात केली की पहिल्या रांगेतला हात लगेच वर जातो. लिंकवरच्या माणसाला आवाज चालू करायचं बटण शोधायला किंवा प्रश्न टाइप करायलाच दहा-पंधरा सेकंद लागतात. तोवर विषय पुढे गेलेला असतो. म्हणून पहिला प्रश्न घरच्यांचा घ्यावा आणि मग आळीपाळीने पुढे जावं. भाग संपायच्या दोन मिनिटं आधी सांगून ठेवलं तर प्रश्न लिहून तयार असतात. सभागृहातला प्रश्न माइकवर यावा. नाही आला तर वक्त्यांनी तो पुन्हा उच्चारावा, नाहीतर पलीकडे फक्त उत्तर ऐकू येतं.

हे सगळं बोलता बोलता वक्त्यांना सांभाळता येणार नाही. लिंकवरच्यांसाठी एक स्वतंत्र माणूस हवा, कानाला हेडफोन लावून, वेगळ्या लॅपटॉपवर साध्या श्रोत्यासारखा जोडलेला. त्याला वक्त्यांना मध्येच थांबवायचा अधिकार आधीच दिलेला असावा. ‘ताई, दोन मिनिटं आवाज येत नाहीये’ हे आभारप्रदर्शनानंतर कळून उपयोग नसतो.

कार्यक्रम संपला की सभागृहातली मंडळी चहाचा कप घेऊन वक्त्यांभोवती जमतात आणि खऱ्या गप्पा तिथे रंगतात. नेमक्या त्याच क्षणी कुणीतरी मीटिंग बंद करतं. ती आणखी दहा मिनिटं चालू ठेवावी, आणि वक्त्यांनी चहाच्या टेबलाकडे जाण्याआधी हेडफोन लावून त्या लॅपटॉपसमोर बसावं. आपल्या गावच्या बुजलेल्या बारवेबद्दल सांगायचं असलेला एखादा माणूस तिथे हमखास थांबलेला असतो.