काखेतील काळेपणा आणि औषधाच्या दुकानातील ट्यूब

हा विषय आपल्या घरांत उघडपणे बोलला जात नाही. मुलगी आईला सांगत नाही, सून सासूला सांगणे तर दूरच. ज्याला हा त्रास असतो तो आरशासमोर एकट्याने पाहतो, आणि मग कुणालाही न विचारता काहीतरी चोळायला लागतो. माझ्या भाचीच्या बाबतीत नेमके हेच घडले, म्हणून तिच्या परवानगीने हे लिहीत आहे.

तिचे लग्न माघात ठरले होते. पर्युषणानंतरच्या आठवड्यात शिंप्याकडे मापे द्यायला आम्ही गेलो, तेव्हा तिने प्रत्येक ब्लाऊजला कोपरापर्यंत बाह्या सांगितल्या. आवड असेल, असे मला वाटले. घरी आल्यावर दार लावून ती म्हणाली, "आत्या, तुला एकटीलाच दाखवते." दोन्ही काखांच्या मध्यभागी गडद तपकिरी डाग होते, आणि मांड्यांच्या आतल्या बाजूसही तसाच रंग. त्याखेरीज मांडीवर गुलाबी रेघा उमटल्या होत्या, बाळंतपणानंतर पोटावर दिसतात तशा. बावीस वर्षांच्या, अंगाने बेताच्या मुलीच्या मांडीवर त्या कशा आल्या, हे मला उमगेना.

बँकेत कर्जाचे प्रकरण हाताळताना मी प्रथम तारखा मांडून घेत असे. तेच येथे केले. महाविद्यालयात असल्यापासून ती एक दिवसाआड कोरड्या कातडीवर रेझर फिरवीत असे, तोही केसांच्या उलट दिशेने, आणि एकच पाते दोन-दोन महिने वापरी. त्यानंतर लगेच सुगंधी डिओडरंटचा फवारा. थोडी आग होई, पण ती 'होतेच' असे मैत्रिणी म्हणत. दुकानाच्या गल्ल्यावर दिवसभर घट्ट लेगिंग घालून बसायचे, उठबस करायची, माल काढायला शिडीवर चढायचे. मांडीला मांडी घासली जाई. रंग गडद होऊ लागला तेव्हा तिने आधी लिंबू आणि खाण्याचा सोडा चोळला. शेवटी एका औषधविक्रेत्याने चिठ्ठीवाचून एक ट्यूब दिली. पहिल्या पंधरवड्यात रंग इतका झपाट्याने उजळला की ती सात आठवडे दोन्ही ठिकाणी लावीत राहिली. थांबवताच कातडी लाल झाली, झोंबू लागली, आणि रंग पूर्वीपेक्षा गडद होऊन परतला.

ती ट्यूब मी भिंग घेऊन वाचली. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. यातील शेवटचे नाव स्टेरॉइडचे आहे. चेहऱ्यावरील वांगासाठी त्वचारोगतज्ज्ञ हे मिश्रण थोड्या काळापुरते, स्वतः पाहत राहून देतात. काख आणि जांघ येथे मात्र कातडी पातळ असते, कातडीवर कातडी बसलेली असते, ओल असते. त्यामुळे तेथे स्टेरॉइड कितीतरी अधिक प्रमाणात आत शोषले जाते. कातडीचा आतला आधार विरघळल्यासारखा होतो आणि त्या रेघा उमटतात. स्टेरॉइडने आलेल्या रेघा फिकट होतात, पण पुसल्या जात नाहीत. सन 2018 मध्ये केंद्र सरकारने कातडीवर लावायची अनेक स्टेरॉइड औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकू नयेत, असा आदेश काढला आहे. तरीही चिठ्ठी न मागता ती मिळतात, हे आपण सारे जाणतो. आपल्यापैकी कित्येकांची स्वतःची औषधाची दुकाने आहेत, म्हणून हे जरा स्पष्टपणे लिहिते: गिऱ्हाईक समाधानाने परत येते ते पहिल्या पंधरवड्याच्या उजाळ्यामुळे. त्यानंतरचे ते आपल्याला सांगायला येत नाही.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी भाचीला तपासताना जे पाहिले, ते घरच्या घरीही पाहता येण्यासारखे आहे. पहिली गोष्ट म्हणजे खरोखर रंग आहे की नुसती सावली. रेझरने केस कातडीच्या पातळीवर कापला जातो, मूळ आतच राहते आणि गडद केसांची मुळे कातडीतून राखाडी दिसतात. कातडी दोन बोटांनी ताणून पाहिली आणि बारीक ठिपके वेगवेगळे दिसले, तर ती केसांची सावली. त्यावर कोणतेही मलम उपयोगाचे नाही. भाचीचा डाग ताणल्यावरही एकसंध राहिला.

दुसरी गोष्ट जागेची. डिओडरंटमधील सुगंधी द्रव्यांनी होणारी जळजळ बहुधा काखेच्या खोल मध्यभागी असते, कारण फवारा तेथेच बसतो. कपड्याच्या रंगाने किंवा घासण्याने होणारी जळजळ काखेच्या कडेला, शिवण जेथे लागते तेथे असते आणि मध्यभाग बहुधा स्वच्छ राहतो. भाचीचा डाग मध्यभागी होता. कातडीची अशी जळजळ वारंवार झाली की रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी चेतवल्या जातात आणि जळजळ शमल्यावरही रंग मागे उरतो. आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ कातडीत हे अधिक ठळक होते. म्हणजे तो मळ नव्हे, चोळून जाण्यासारखा नव्हे. चोळणे ही स्वतःच आणखी एक जळजळ आहे. लिंबाचे आम्ल आणि सोड्याचा क्षार यांनी तर नुकत्याच रेझर फिरवलेल्या कातडीला चटके बसतात.

जांघेत गोलाकार, खाजणारा, उंच कडेचा चट्टा असेल तर ते गजकर्ण. त्यावर स्टेरॉइड लावल्यास खाज थांबते, कडा मिटतात आणि बुरशी निर्धास्त पसरते. तपकिरी, किंचित खवले सुटणारा सपाट पट्टा एका जिवाणूमुळेही येतो आणि तो विशिष्ट दिव्याखाली पोवळ्यासारखा लालसर चमकतो. या दोहोंची औषधे निराळी आहेत, म्हणून खाज किंवा खवले असतील तर घरगुती प्रयोग करू नयेत.

मग बाईंनी भाचीची मान पाहिली, पाळी नियमित आहे का ते विचारले. मान स्वच्छ होती. मला राहवले नाही, मी विचारले की मानेचा येथे काय संबंध. त्या म्हणाल्या, "कातडी मखमलीसारखी जाड व काळी झाली असेल, मानेवरही तशीच असेल, बारीक चामखिळी असतील, तर तो कातडीचा आजार नसून शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाल्याची खूण असते. अशा वेळी मी मलमाआधी रक्त तपासते."

मला एकदम माझा धाकटा भाऊ आठवला. त्याच्या मानेवर वर्षानुवर्षे काळी, जाडसर वळी आहे. भावजय दर रविवारी तेथे डाळीच्या पिठाने घासते, आणि तो चिडतो. दुकानात बसून काम, दुपारी फरसाण, पोट सुटलेले. संध्याकाळी मी त्याला म्हटले, "शर्टाची कॉलर खाली कर आणि हात वर कर." काखेतही तीच मखमल, भोवती तीन-चार चामखिळी. "ताई, घामाने होते ते," तो म्हणाला. मी दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी त्याला प्रयोगशाळेत नेले. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ज्याला एचबीएवनसी म्हणतात, तो 6.3 निघाला. 5.7 च्या खाली सामान्य, 6.5 पासून मधुमेह. म्हणजे तो उंबरठ्यावर उभा होता, आणि खूण त्याच्या मानेवर कित्येक वर्षे लिहिलेली होती. (वजन न वाढलेल्या, वयस्क माणसाच्या अंगावर असा काळा जाडपणा काही महिन्यांत झपाट्याने आला, तर मात्र वेळ न दवडता डॉक्टरांना दाखवावे, क्वचित त्यामागे पोटातील गंभीर आजार असतो.)

भाचीला बाईंनी पहिले सहा आठवडे उजळवणारे काहीही दिले नाही. कातडी आधी शांत व्हायला हवी, एवढेच त्यांचे म्हणणे होते. रेझर बंद, केस लहान कात्रीने किंवा ट्रिमरने कापायचे. पुढे कधी रेझर वापरायचाच असेल तर स्नानाच्या शेवटी, केस मऊ झाल्यावर, जेल लावून, नव्या पात्याने, केसांच्या दिशेने आणि एका जागी एकदाच. डिओडरंट बंद, घामासाठी दोनदा धुणे आणि सुती कापड. मांड्यांसाठी लेगिंगऐवजी सैल सलवार, आत गुडघ्याच्या वरपर्यंत येणारी सुती चड्डी, आणि दुकानात निघताना आतल्या बाजूस पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. रात्री सुगंधविरहित साधे मॉइश्चरायझर. कुठलीही घासणी नाही, स्क्रब नाही.

सातव्या आठवड्यापासून काखेसाठी ॲझेलिक आम्लाचे 10 टक्क्यांचे मलम सांगितले, प्रत्येक काखेस वाटाण्याएवढे, सुरुवातीला एक रात्र आड. नायसिनामाइडचे 4-5 टक्क्यांचे मलम हा आणखी सौम्य पर्याय आहे. दोन्ही एकदम सुरू करू नयेत, कारण झोंबले तर कशाने ते कळत नाही. नवे काहीही लावण्यापूर्वी ते कोपराच्या आतल्या बाजूस रुपयाएवढ्या जागी सात दिवस सकाळ-संध्याकाळ लावून पाहावे. नवे डिओडरंटही याच रीतीने पारखावे. मात्र फवारा असेल तर प्रथम वाळू द्यावा. किंचित चुणचुण काही मिनिटांत शमली तर चालते. लाली, खाज किंवा पुरळ दुसऱ्या दिवशीही राहिले तर ती वस्तू आपल्यासाठी नाही. मांड्यांवर, जेथे रेघा होत्या, तेथे त्यांनी कोणतेही आम्ल लावू दिले नाही.

मी तिला वही करून दिली. दर पंधरा दिवसांनी त्याच खिडकीशी, त्याच वेळी पाहायचे आणि तारखेसह एक ओळ लिहायची. रोज आरशात पाहिले तर फरक दिसत नाही आणि माणूस उतावीळ होऊन पुन्हा ट्यूबकडे वळतो. पहिल्या दोन नोंदी 'तसेच' अशा आहेत. तिसऱ्या नोंदीत 'आग नाही'. कार्तिकाच्या शेवटी 'कडेने फिकट'. वरच्या थरातील रंग असाच महिन्यांच्या हिशेबाने उतरतो. खोल गेलेला, निळसर-राखाडी दिसणारा रंग वर्षभरही घेतो आणि कधी पूर्ण जात नाही. शिवाय काखेचा रंग हाताच्या रंगापेक्षा थोडा गडद असणे हे पुष्कळांच्या बाबतीत निसर्गतःच असते. जाहिरातीतील काख ही दिव्यांची करामत आहे, हे बाईंनी हसत सांगितले ते मला पटले.

माघात लग्न झाले. काखेतील डाग पुष्कळ उतरला होता, सगळा नव्हे. मांडीवरील रेघा गुलाबीच्या पांढुरक्या झाल्या आहेत आणि तशाच राहतील. शिंप्याकडून दोन ब्लाऊजच्या बाह्या तिने आखूड करून घेतल्या, बाकीच्या तशाच ठेवल्या. भाऊ आता दुकान उघडण्यापूर्वी पाऊण तास चालतो. चैत्रातील तपासणीत आकडा 5.9 आला, आणि भावजयीने डाळीचे पीठ पुन्हा स्वयंपाकघरात नेले.