पट्टा आवळला तरी घाई नको

शेअर बाजारात माझा पहिला तोटा झाला तो दिवस संपण्याआधीच खरेदी केल्यामुळे. त्या शेअरच्या आलेखावर मी बॉलिंजर बँड लावले होते. त्यात मधली रेघ २० दिवसांच्या बंद भावांची सरासरी असते आणि वरची-खालची रेघ तिच्यापासून दोन प्रमाण विचलनांवर असते. भाव शांत झाला की या रेघा जवळ येतात.

माझ्या शेअरची मधली रेघ ४०० रुपयांवर होती, वरची ४०८ वर आणि खालची ३९२ वर. म्हणजे पट्ट्याची रुंदी १६ रुपये, मधल्या रेघेच्या ४ टक्के. सहा महिन्यांतली ती सर्वांत कमी होती. यालाच ‘स्क्वीझ’ म्हणतात. आता मोठी हालचाल होण्याची शक्यता वाढली, एवढंच त्यातून कळतं. ती वर होईल की खाली, हे कळत नाही.

दुपारी भाव ४०९ झाला आणि मी घेऊन टाकला. संध्याकाळी तो ४०३ ला बंद झाला. तीन दिवसांनी मी ३९४ ला विकला. स्क्वीझमधून अशी खोटी उडी पुष्कळदा आधी येते.

तेव्हापासून माझा नियम असा: दिवसाचा बंद भाव वरच्या रेघेच्या वर हवा आणि त्या दिवसाची उलाढाल २० दिवसांच्या सरासरीच्या किमान दीडपट हवी. दोन्ही जमलं तरच दुसऱ्या दिवशी खरेदी.

काही आठवड्यांनी तोच शेअर दुप्पट उलाढालीत ४१२ ला बंद झाला. दुसऱ्या दिवशी मी ४१३ ला घेतला. मधली रेघ ४०१ वर होती, तिथे स्टॉपलॉस लावला. जोखीम शेअरमागे १२ रुपये. लक्ष्य तिच्या दुप्पट, म्हणजे २४ रुपये वर, ४३७. किती शेअर घ्यायचे हेही जोखमीवरूनच ठरवलं. भांडवल एक लाख, एका व्यवहारात त्यातले १ टक्का, म्हणजे हजार रुपयेच गमवायची तयारी. हजार भागिले १२, म्हणून ८३ शेअर. भाव ४२५ झाल्यावर स्टॉपलॉस ४१३ वर आणला. पुढे लक्ष्य गाठलं.

दर वेळी असं होत नाही. पण दहांत सहा व्यवहार फसले आणि चारच जमले, तरी सहा जोखमी जाऊन आठ परत येतात. दलाली आणि कर त्यातूनच जातात.

एक सापळा मात्र लक्षात ठेवा. कंपनीचे तिमाही निकाल तोंडावर असले, तरी सगळे वाट पाहत थांबल्याने पट्टा आवळतो. निकालानंतर भाव थेट ३८० ला उघडला, तर ४०१ चा स्टॉपलॉस तिथे विकलाच जात नाही. विक्री ३८० च्या आसपास होते. हजाराचा हिशोब केलेला असताना पावणेतीन हजार जातात. म्हणून खरेदीआधी मी निकालाची तारीख पाहतो. ती आठवड्याभरात असेल, तर तो शेअर सोडून देतो.